ईआरपी सुरू होऊन आठ महिने झाले. कबूल केलेली बचत कुठे आहे?

नवी प्रणाली सुरू झाली की पहिले काही महिने सगळे एकच प्रश्न विचारतात: चालतेय ना? बिलं निघतायत, गाड्या सुटतायत, पगार झाला, म्हणजे चालतेय. दुसरा प्रश्न विचारायला मात्र कुणालाच घाई नसते. संचालक मंडळाच्या मंजुरीच्या टिपणीत लिहिलेली बचत खरंच झाली का? हा प्रश्न कसा विचारायचा आणि त्याचं उत्तर आकड्यांत कसं काढायचं, ते एका उदाहरणातून दाखवतो. चाकणच्या बाजूला दुचाकींचे प्रेस पार्ट्स बनवणारा मध्यम कारखाना डोळ्यांसमोर ठेवा. १ जुलैला ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशोब एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली, सुरू झाली आहे. आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण त्यांचे एकमेकांशी असलेले संबंध अशा कारखान्यांत दिसतात तसेच आहेत.

आधी टिपणी नीट वाचा

पहिलं काम म्हणजे मंजुरीची मूळ टिपणी शोधणं. नंतर बनलेलं प्रेझेंटेशन नको, ज्या कागदावर सह्या झाल्या तोच कागद हवा. आपल्या कारखान्याच्या टिपणीत चार गोष्टी कबूल केल्या होत्या. सरासरी साठा १४ कोटींवरून ११ कोटींवर येणार, म्हणजे ३ कोटी. बिलं पास करणाऱ्या विभागात आठऐवजी पाच माणसं लागणार, म्हणजे वर्षाला १५ लाख. उशीर झाला की पाठवाव्या लागणाऱ्या स्पेशल गाड्यांचा खर्च महिना ५ लाखांवरून ३ लाखांवर येणार, म्हणजे वर्षाला २४ लाख. जुन्या सॉफ्टवेअरचा वार्षिक देखभाल करार, एएमसी, बंद होणार, म्हणजे ९ लाख. खाली ठळक अक्षरात बेरीज होती: पहिल्या वर्षी ३ कोटी ४८ लाखांची बचत.

ही बेरीजच चुकलेली आहे, आणि परीक्षण सुरू होतं ते इथूनच. साठा ३ कोटींनी कमी झाला तर ३ कोटी वाचत नाहीत. ते अडकलेले पैसे एकदाच मोकळे होतात. दरवर्षी वाचतं ते त्यांच्यावरचं व्याज. कॅश क्रेडिटचा, म्हणजे साठ्याच्या तारणावर बँकेकडून मिळणाऱ्या कर्जाचा, दर १० टक्के धरला तर वर्षाला ३० लाख. म्हणजे टिपणीतली खरी वार्षिक बचत ३० अधिक १५ अधिक २४ अधिक ९, अशी ७८ लाख होती. लायसन्स आणि सपोर्टचा वार्षिक खर्च २२ लाख धरला होता, तो वजा केला की निव्वळ ५६ लाख उरतात. प्रकल्पाला १ कोटी ६० लाख लागले असतील, तर ते वसूल व्हायला जवळजवळ तीन वर्षं लागणार होती. मंडळाला मात्र ते सहा महिन्यांत वसूल होतील असं वाटलं होतं. ही दुरुस्ती अहवालाच्या पहिल्याच पानावर करा. ती केली नाही, तर पुढे कितीही चांगला निकाल आला तरी प्रकल्प फसला असंच दिसेल.

कुठले महिने धरायचे

पहिले दोन महिने सोडून द्या. त्या काळात लोक जुनी आणि नवी अशी दोन्ही पद्धती चालवतात, स्टोअरवाले भीतीपोटी जास्त माल मागवून ठेवतात आणि ओव्हरटाइम चढतो. ते आकडे नव्या प्रणालीचे नसतात, गोंधळाचे असतात.

दुसरी गोष्ट, मार्चअखेरचा साठा तुलनेला कधीही घेऊ नका. वर्षअखेरीला विक्री दाखवण्यासाठी तयार माल ढकलला जातो, खरेदी एप्रिलवर टाकली जाते, आणि ३१ मार्चचा साठा वर्षातला सर्वांत कमी साठा ठरतो. कुठल्याही प्रणालीशिवाय. म्हणून सप्टेंबर ते फेब्रुवारी हे सहा महिने घ्या आणि आदल्या वर्षीच्या त्याच सहा महिन्यांशी तुलना करा. दोन्हीकडे दसरा-दिवाळीचा हंगाम येतो, त्यामुळे तो वेगळा काढावा लागत नाही. साठ्यासाठी सहाही महिनाअखेरींची सरासरी घ्या.

आधीचे आकडेच नसतील तर

बहुतेक ठिकाणी प्रकल्पाआधीची मोजणी कुणी केलेलीच नसते. टिपणीतले १४ कोटी कुठून आले, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘अंदाजे तेवढंच असतं.’ अशा वेळी माझा पहिला आधार असतो तो बँकेला दरमहा जाणारं स्टॉक स्टेटमेंट. कॅश क्रेडिट घेणारी प्रत्येक कंपनी ते देते, त्यावर सही असते, आणि प्रकल्प चांगला किंवा वाईट दिसावा म्हणून ते कुणी बनवलेलं नसतं. त्याचा दोष उलटा आहे: ड्रॉइंग पॉवर, म्हणजे बँकेतून उचलता येणारी रक्कम, वाढावी म्हणून काही ठिकाणी साठा फुगवला जातो. तो तपासायचीही सोय आहे. ५ कोटींहून जास्त खेळतं भांडवल बँकेकडून तारणावर मंजूर असेल, तर बँकेला दिलेली तिमाही विवरणं हिशोबाशी जुळतात का, हे ऑडिटरला कारो २०२० या आदेशाप्रमाणे द्यायच्या अहवालात सांगावं लागतं. फरक असेल तर तो तिथे तिमाहीवार मिळतो.

बिलांच्या संख्येसाठी जुन्या सॉफ्टवेअरचा बॅकअप उघडा. माणसांसाठी पगारपत्रक बघा. स्पेशल गाड्यांचं काम किचकट आहे, कारण जुन्या खतावणीत त्या नेहमीच्या वाहतूक खर्चातच मिसळलेल्या असतात. ट्रान्सपोर्टरची बिलं काढून, अर्धी रिकामी गेलेली किंवा रात्री वेगळ्या दराने गेलेली गाडी बिल्टीवरून ओळखावी लागते. दोन माणसांचं आठवडाभराचं काम आहे, पण टाळू नका.

साठा: सर्वांत फसवा आकडा

आता मुख्य मोजणी. नव्या सहा महिन्यांची सरासरी १२ कोटी ६० लाख आली. आधी १४ कोटी होती. प्रकल्पाचा माणूस लगेच म्हणेल, १ कोटी ४० लाख कमी झाले, निम्मं उद्दिष्ट गाठलं. थांबा. या फरकात किमान तीन गोष्टी मिसळलेल्या आहेत आणि त्या एकेक करून वेगळ्या काढायच्या आहेत.

पहिली, भाव. आधी स्टीलचा साठा सरासरी १,००० टन होता आणि दर टनाला ६०,००० रुपये, म्हणजे ६ कोटी. आता ९५० टन आहे, पण दर ५४,००० वर आला आहे, म्हणजे ५ कोटी १३ लाख. स्टील स्वस्त झालं यात ईआरपीचं काही कर्तृत्व नाही. जुन्याच दराने मांडलं तर ते ९५० टन ५ कोटी ७० लाखांचे होतात. बाकी साठा ७ कोटी ४७ लाख आहे. म्हणजे जुन्या दराने आजचा साठा १३ कोटी १७ लाख. भाव स्थिर धरताच १ कोटी ४० लाखांची घट ८३ लाखांवर आली. म्हणूनच साठ्याची तुलना आधी टनांत आणि नगांत करायची, रुपयांत नंतर.

दुसरी, मेलेला माल. प्रणाली सुरू होण्याआधी मास्टर डेटा, म्हणजे वस्तूंची मूळ माहिती, साफ करताना बंद झालेल्या मॉडेलचे ४० लाखांचे पार्ट्स सापडले आणि ते भंगारात काढले. साठा कमी झाला हे खरं, पण ती बचत नव्हे. तो तोटा आहे, जो आधीच झाला होता आणि आत्ता दिसला. हे ४० लाख आधीच्या १४ कोटींमधून वजा करा: १३ कोटी ६० लाख उरले.

तिसरी गोष्ट प्रकल्पाच्या बाजूने जाते, आणि ती विसरणं हा तितकाच मोठा अन्याय आहे. या सहा महिन्यांत उत्पादन ५ टक्क्यांनी वाढलं. जुन्याच पद्धतीने चाललो असतो तर साठाही साधारण तेवढाच वाढला असता: १३ कोटी ६० लाखांचे १४ कोटी २८ लाख. आज आहे १३ कोटी १७ लाख. फरक १ कोटी ११ लाख. प्रणालीच्या नावावर जास्तीत जास्त एवढं टाकता येतं. (साठा उत्पादनाच्या अगदी प्रमाणात वाढत नाही. उत्पादन ५ टक्क्यांच्या जागी २५ टक्क्यांनी वाढलं असतं, तर हा सरळ गुणाकार मी वापरला नसता, ‘किती दिवस पुरेल एवढा साठा’ हे वस्तूगटवार काढलं असतं.)

१ कोटी ११ लाखांवर १० टक्के व्याज, म्हणजे वर्षाला ११ लाख १० हजार. टिपणीत होते ३० लाख. एक पडताळणी अजून हवी: बँकेच्या उताऱ्यावरून कॅश क्रेडिटची सरासरी उचल बघा. साठा उतरला आणि उचल तशीच राहिली असेल, तर मोकळे झालेले पैसे ग्राहकांच्या थकबाकीत जाऊन बसले आहेत. तो दोष ईआरपीचा नाही, पण व्याज वाचलं म्हणताना हे माहीत असलेलं बरं.

वाचलेला वेळ म्हणजे वाचलेले पैसे नव्हेत

बिल विभागात एक बिल पास करायला लागणारा वेळ खरंच कमी झाला आहे. पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची पावती म्हणजे जीआरएन, आणि बिल आता पडद्यावर एकत्र जुळतात, फाइली शोधाव्या लागत नाहीत. तरीही पगारपत्रकात आठच्या जागी सात नावं दिसतात. एक गृहस्थ निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही. बाकी सगळे तिथेच आहेत आणि रिकामेही नाहीत. आता ते जीएसटीआर-२बी या जीएसटी विवरणातल्या, पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या नोंदी रोज जुळवतात आणि न जुळणाऱ्या बिलांसाठी पुरवठादारांना फोन करतात.

इथे माझा नियम कडक आहे. जोवर कुणाच्या तरी बजेटमधला आकडा कमी होत नाही, तोवर ती पैशांची बचत नाही. म्हणून ५ लाख मोजायचे, १५ नाही. उरलेल्या वेळातून झालेलं चांगलं काम वेगळ्या ओळीत शब्दांत लिहायचं, रुपयांत नाही. ‘तासांचा दर गुणिले वाचलेले तास’ हे सूत्र मांडणाऱ्याला एवढंच विचारा की हे पैसे कुठल्या खात्यातून कमी झाले.

आणि उलट बाजूही तपासा. माणसं एका विभागात कमी होतात आणि दुसऱ्याच विभागात उगवतात. या कारखान्यात मास्टर डेटा सांभाळायला आयटीमध्ये दोन कंत्राटी मुलं घेतली आहेत, वर्षाला मिळून ६ लाख. ती बिल विभागात दिसत नाहीत आणि प्रकल्पाच्या खर्चातही नाहीत, कारण प्रकल्प ‘बंद’ झाल्यावर ती आली. म्हणून सगळ्या ऑफिस विभागांचं एकत्र पगारपत्रक घेऊन, कंत्राटदारांच्या बिलांसकट, आधी आणि नंतर अशी तुलना करा.

स्पेशल गाड्या आणि जुनी एएमसी

स्पेशल गाड्यांचा खर्च महिना ५ लाखांवरून ३ लाखांवर आला. अगदी कबूल केल्याप्रमाणे! आकडा इतका बरोबर जुळला की मला आधी शंका येते. ग्राहकवार फोड केली तेव्हा दिसलं की २ लाखांपैकी ९० हजारांची घट एकाच ग्राहकाची आहे, आणि त्या ग्राहकाने मधल्या काळात मिल्क रन सुरू केली आहे. आता त्यांचीच गाडी रोज येऊन माल उचलते. आपली ईआरपी नसती तरी हे झालंच असतं. उरले महिना १ लाख १० हजार, म्हणजे वर्षाला १३ लाख २० हजार. सहा महिन्यांवरून वर्षाचा आकडा काढतोय, हे अहवालात लिहा.

हा भाग तपासायची सर्वांत चांगली पद्धत म्हणजे जिथे प्रणाली अजून लागलेली नाही अशी जागा शोधणं: दुसरं युनिट, दुसरा शेड, नाहीतर जुन्याच पद्धतीने चालणारी एखादी लाइन. तिथेही खर्च तेवढाच उतरला असेल, तर कारण बाहेर आहे.

एएमसीची गोष्ट तर सोपी असायला हवी होती. ९ लाख बंद होणार होते, बंद झाले शून्य. करार आपोआप पुढे चालू राहणारा होता, मुदतीआधी लेखी नोटीस द्यायची होती आणि ती कुणी दिली नाही. शिवाय अकाउंट्सला जुना डेटा हवाच आहे: कंपनी कायद्याच्या कलम १२८ नुसार हिशोबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षं जपाव्या लागतात. त्यासाठी पूर्ण एएमसी लागत नाही. डेटाबेसची फक्त वाचता येईल अशी प्रत एका सर्व्हरवर ठेवायची, लागणारे अहवाल काढून ठेवायचे, आणि ते ऑडिटरला दाखवून घ्यायचे. त्याला वर्षाला २ लाख लागतील असं धरू, म्हणजे पुढच्या वर्षापासून ७ लाख वाचतील. यंदा शून्यच लिहायचे.

ताळेबंद

| बाब (लाख रुपये, वार्षिक) | टिपणीत, दुरुस्त करून | प्रत्यक्ष |
|---|---|---|
| साठ्यावरचं व्याज | ३० | ११.१ |
| बिल विभाग | १५ | ५ |
| स्पेशल गाड्या | २४ | १३.२ |
| जुनी एएमसी | ९ | ० |
| एकूण बचत | ७८ | २९.३ |
| चालू खर्च | २२ | ३३ |
| निव्वळ | ५६ | उणे ३.७ |

चालू खर्च ३३ कसा झाला? २२ होतेच, नंतर वाढवलेल्या युजर लायसन्सचे ५ आणि त्या दोन कंत्राटी मुलांचे ६.

या तक्त्याबाहेर एक गोष्ट आहे. तीन कागद जुळवल्यामुळे पुरवठादारांनी ऑर्डरपेक्षा जास्त दर लावलेली बिलं आता अडकतात. परत मिळालेली किंवा न दिलेली रक्कम वर्षाला ६ लाखांच्या घरात जाते. हे टिपणीत नव्हतं. मी ते दाखवतो, पण तक्त्याखाली, वेगळ्या ओळीत. कबूल केलेल्या गोष्टीतली तूट न कबूल केलेल्या गोष्टीने भरून काढू दिली, तर साठा का उतरला नाही हा प्रश्नच कुणी विचारत नाही.

साठा का उतरला नाही

तूट सर्वांत मोठी इथेच आहे, म्हणून वेळ इथेच घालवायचा. सुरुवात एका मोजणीने करा: गेल्या तीन महिन्यांतल्या पर्चेस ऑर्डरपैकी किती एमआरपीच्या, म्हणजे कुठला माल कधी मागवायचा हे काढणाऱ्या ईआरपीच्या भागाच्या, सूचनेवरून निघाल्या आणि किती हाताने? प्रत्येक ऑर्डरमागे ती कुठल्या मागणीपत्रावरून आली आणि ते कुणी तयार केलं, याची नोंद प्रणालीत असते. हाताने काढलेल्या निम्म्याच्या जवळ असतील, तर नियोजन अजून एक्सेलमध्येच चाललं आहे आणि ईआरपी फक्त टंकलेखन करते आहे.

मग पर्चेसच्या माणसाशेजारी जाऊन बसा. प्रश्नावली पाठवू नका. त्याच्या पडद्यावर एखादी साधी वस्तू उघडायला सांगा, समजा रबर बुश. मास्टरमध्ये पुरवठ्याचा अवधी ३० दिवस लिहिलेला असतो. पुरवठादार भोसरीत आहे, फोन केला की पाचव्या दिवशी माल येतो. हे ३० आले कुठून? जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना कुणी वापरतच नव्हतं, म्हणून डेटा भरताना सगळ्या वस्तूंना सरसकट ३० टाकले. आता एमआरपी इमानदारीने महिनाभर आधी ऑर्डर सुचवते, तो माणूस ती सूचना खोटी आहे हे जाणतो, म्हणून सगळ्याच सूचनांकडे दुर्लक्ष करतो आणि स्वतःच्या एक्सेलवर चालतो. त्याचं काही चुकत नाहीये. नव्या मुलाला मात्र हे माहीत नसतं, तो सूचना तशीच मान्य करतो आणि त्या वस्तूंचा साठा चढतो. एकाच खोलीत दोन्ही चालू असतं.

उपाय म्हणजे रकमेने सर्वांत मोठ्या दोनशेएक खरेदीच्या वस्तू घ्यायच्या आणि प्रत्येकीचा अवधी मागच्या वर्षभराच्या ऑर्डर व जीआरएनच्या तारखांवरून काढायचा. सरासरी नको, दहापैकी नऊ वेळा माल किती दिवसांत आला तो आकडा घ्या. सेफ्टी स्टॉकही त्यावरूनच ठरवा. हे झाल्यावर पर्चेसला विचारा की आता सूचना पटतात का, आणि जी पटत नाही तिचं कारण लिहून ठेवायला सांगा. एक्सेल बंद करायचा हुकूम या आधी काढू नका.

परीक्षण कुणी करायचं आणि पुढे काय

प्रकल्प व्यवस्थापकाने नाही, आणि प्रणाली बसवून देणाऱ्या कंपनीने तर नाहीच. कॉस्टिंगमधला माणूस उत्तम, कारण भाव आणि प्रमाण वेगळं करणं हे त्याचं रोजचं काम आहे. मात्र मंडळासमोर जाण्याआधी प्रत्येक ओळ त्या त्या विभागप्रमुखाला दाखवा. त्यांनी आकडा मान्य करावा म्हणून नव्हे, तुमच्या नजरेतून काय सुटलं ते कळावं म्हणून. मिल्क रनची गोष्ट खतावणीत नसते, डिस्पॅचवाल्याच्या तोंडी असते.

मंडळापुढे १ कोटी ६० लाख वाया गेले का, ही चर्चा लांबू देऊ नका. ते पैसे गेले. ठरवायचं ते एवढंच: अवधी दुरुस्तीला पर्चेस आणि स्टोअरचा एकेक माणूस दोन महिने द्यायचा का, जास्तीची युजर लायसन्स खरंच वापरली जातात का, आणि एएमसीची नोटीस कुणी कुठल्या तारखेआधी द्यायची. लायसन्सचं उत्तर लॉगिनच्या नोंदींवरून एका दुपारी मिळतं. तीन महिन्यांत एकदाही न शिरलेले युजर नावांसकट काढा, नूतनीकरणाच्या वेळी ते कमी करता येतील.

मान्य झालेली बचत त्याच बैठकीत पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये घाला. साठ्याचं उद्दिष्ट टनांत आणि दिवसांत पर्चेसप्रमुखांच्या नावावर, स्पेशल गाड्यांची रक्कम डिस्पॅचप्रमुखांच्या खात्यात, आणि त्या गाड्यांसाठी खतावणीत वेगळं खातं १ एप्रिलपासून. पुढची तपासणी ऑक्टोबरमध्ये, एप्रिल ते सप्टेंबरच्या आकड्यांवर. तुलना आदल्या वर्षीच्या एप्रिल-सप्टेंबरशी करताना, त्या काळात जुलै-ऑगस्टचा गोंधळ आहे हे विसरू नका. ते दोन महिने दोन्ही बाजूंनी वगळा.